होम ट्यूशनच्या चौकश्या नेमक्या कुठे गळतात? रस्ता मांडून बघतेय, मदत हवी

पाटीपेन्सिल

नमस्कार. आम्ही घरी जाऊन शिकवणाऱ्या शिक्षकांची सेवा चालवतो. शिक्षक आमच्या यादीवर असतात, पालक आमच्याकडे चौकशी करतात आणि आम्ही दोघांची गाठ घालून देतो. पाचवी ते दहावी, मुख्यतः गणित, विज्ञान आणि इंग्रजी. मी आणि फोन सांभाळणारी एक सहकारी, एवढंच आमचं ऑफिस.

चौकश्या भरपूर येतात, शिकवण्या मात्र फार थोड्या सुरू होतात. गेल्या तिमाहीच्या रजिस्टरमध्ये १४० नोंदी आहेत आणि सुरू झालेल्या शिकवण्या २९. सहकारीचं ठाम मत आहे की लोक फी ऐकून मागे फिरतात. रजिस्टरच्या शेऱ्यांमध्येही "फी जास्त" हेच सगळ्यांत जास्त वेळा दिसतं. फी उतरवायची तर शिक्षकांचं मानधन उतरवावं लागेल, आणि मग चांगले शिक्षक टिकणार नाहीत. म्हणून त्या निर्णयाआधी पालकाचा पहिल्या निरोपापासून पहिल्या महिन्याच्या फीपर्यंतचा अख्खा रस्ता मांडून बघायचा आहे. सुरुवात कुठून करू?

झटपट

मी दुसऱ्या क्षेत्रात विक्री सांभाळतो, पण चौकशी ती चौकशीच. चौकशी आली की पाच मिनिटांत फोन गेला पाहिजे. पालक एकाच वेळी चार ठिकाणी निरोप टाकतात, ज्याचा फोन आधी येतो त्याच्याशी मनापासून बोलतात. तुमच्याकडून फोन कधी जातो? संध्याकाळी एकत्र करत असाल तर गळती तिथेच आहे, बाकी काही मांडायची गरज नाही.

खडूफळा

मी गेली अनेक वर्षं घरी जाऊन गणित शिकवते. गळतीचं म्हणाल तर माझ्याकडेही तेच. परीक्षा झाली की मुलं सोडतात, काही जण तर सहामाहीनंतरच. मी पालकांना दर महिन्याला मुलाची वही दाखवून कुठे अडतंय ते सांगायला लागले, तेव्हापासून टिकतात. तुम्ही शिक्षकांना तसं करायला सांगा.

पाटीपेन्सिल

@खडूफळा, वहीची कल्पना आवडली, ती शिक्षकांना सांगेनच. पण माझा प्रश्न त्याआधीचा आहे. शिकवणी सुरू होण्याआधीच जे पालक दिसेनासे होतात, त्यांच्याबद्दल विचारतेय.

@झटपट, फोन बहुतेक वेळा त्याच दिवशी जातो. पाच मिनिटांत नाही, हे खरं.

नोंदवही

सेवा पुरवणाऱ्या दोन-तीन कंपन्यांमध्ये मी हेच काम केलं आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी १४० हा आकडा साफ करा. त्यात नोकरीसाठी विचारणारे शिक्षक असतील. आईने एकदा आणि बाबांनी एकदा केलेली एकाच मुलाची चौकशी असेल. तुम्ही शिकवत नाही असे विषय असतील. हे बाजूला काढल्याशिवाय पुढची टक्केवारी काढू नका. न शिकवलेले विषय मात्र वेगळ्या यादीत जपून ठेवा, मागणी कुठे आहे ते त्यातून कळतं.

मग टप्पे ठरवा. टप्पा म्हणजे पालकाच्या बाजूने घडलेली गोष्ट असावी, आपण केलेली नव्हे. "फोन केला" हा टप्पा नाही, "बोलणं झालं" हा आहे. "डेमो ठरवला" हा नाही, "डेमो झाला" हा आहे. आपली कामं टप्पे म्हणून लिहिली की सगळं सुरळीत दिसतं, कारण आपण फोन तर करतोच.

तुमच्यासाठी इतके पुरेत: चौकशी आली, बोलणं झालं, गरज पूर्ण कळली (इयत्ता, विषय, वेळ, परिसर), शिक्षकाचं नाव कळवलं, डेमो झाला, शिकवणी सुरू झाली. प्रत्येक टप्प्याला एक रकाना, आणि रकान्यात फक्त तारीख. हो-नाही लिहू नका, शेराही नको. दोन तारखांमधलं अंतर हेच पुढे सगळ्यांत जास्त बोलतं. जुन्या निरोपांवरून आणि फोनच्या यादीवरून बऱ्याच तारखा मागे जाऊन भरता येतात, कंटाळवाणं काम आहे पण होतं.

आणि एका महिन्यात आलेल्या चौकश्यांनी त्याच महिन्यात सुरू झालेल्या शिकवण्यांना भागू नका. सुरू झालेल्यांतल्या काही आधीच्या महिन्यातल्या असतात. ठरावीक काळात आलेल्या चौकश्यांचा गठ्ठा धरा आणि तोच शेवटपर्यंत सोबत न्या. तीन आठवडे काहीच हालचाल नसेल तर चौकशी बंद समजा, नाहीतर अर्धं रजिस्टर कायम "चालू" राहतं.

स्प्रेडशीटमध्ये D रकाना "गरज कळली" आणि E रकाना "नाव कळवलं" असेल, तर मधे अडकलेल्या चौकश्या अशा मोजा:

```
=COUNTIFS(D:D,"<>",E:E,"")
```

अजून एक रकाना हवाच: फी कधी सांगितली, त्याची तारीख. का ते आकडे आल्यावर बोलू.

बाबा_आठवीचे

मी या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाचा माणूस आहे, पालक. मुलीसाठी गणिताची शिकवणी शोधत होतो तेव्हा तीन ठिकाणी विचारलं. तिघांनीही छान बोलून सगळं लिहून घेतलं. एकाने तिसऱ्याच दिवशी कळवलं, "मंगळवारी पाच वाजता मॅडम येतील, एक तास शिकवतील, मग ठरवा." आम्ही तिथेच गेलो. उरलेल्या दोघांपैकी एकाचा आठवड्यानंतर फोन आला. मी म्हणालो, जरा बजेटमध्ये बसत नाही. खरं तर त्यांनी फी सांगितलीच नव्हती. पण "तुमच्यासाठी थांबलो नाही" हे तोंडावर कसं सांगणार? समोरची ताई इतकं चांगलं बोलत होती.

नोंदवही

@बाबा_आठवीचे, तुम्ही माझं अर्धं काम केलंत. फी हे सभ्य कारण आहे. कोणाला दुखवत नाही आणि पुढचा प्रश्नही येत नाही. म्हणून शेऱ्यातलं कारण हे पालकाचं कारण असेलच असं नाही, अनेकदा तो फोन ठेवण्याचा मार्ग असतो.

पाटीपेन्सिल

तारखा भरून झाल्या. मांडते.

१४० पैकी ९ नोंदी काम शोधणाऱ्या शिक्षकांच्या, ८ दुबार, ५ आम्ही न शिकवणाऱ्या विषयांच्या. उरल्या ११८. त्यांपैकी बोलणं झालं १०१ जणांशी. गरज पूर्ण कळली ९४ जणांची. शिक्षकाचं नाव कळवलं ५८ जणांना. डेमो झाले ४१. शिकवणी सुरू झाली २९.

सगळ्यांत मोठी गळती ९४ वरून ५८ वर येताना आहे. म्हणजे ३६ कुटुंबांनी आपली गरज आम्हाला नीट सांगितली आणि आमच्याकडून त्यांना शिक्षकाचं नाव गेलंच नाही. त्या ३६ पैकी १७ जणांसमोर "फी जास्त" असा शेरा आहे.

आता फीच्या तारखेचा रकाना. आमच्याकडे फी शिक्षकाच्या अनुभवावर आणि अंतरावर ठरते, त्यामुळे ती नावाबरोबरच सांगितली जाते. कोणी आधीच विचारलं तर अंदाज देतो. त्या १७ पैकी ६ जणांनी असं आधी विचारलं होतं. बाकीच्या ११ जणांना फी सांगितल्याची नोंद कुठेही सापडत नाही, ना निरोपात ना फोनच्या टिपणात.

सहकारीशी बोलले. पालक "बघून कळवतो" म्हणाले की तो शेरा फीचा समजून लिहिला जात होता.

नोंदवही

हेच हवं होतं. ज्याने फी ऐकलीच नाही तो फीमुळे गेला नाही, त्या ११ घरांपुरतं एवढं नक्की म्हणता येतं. फार तर असं म्हणता येईल की फी जास्त असेल असं त्यांनी गृहीत धरलं. पण त्यावर उपाय फी उतरवणं नाही, आधी सांगणं आहे. फी आडवी येते का हे बघायचं तर नाव आणि फी दोन्ही कळलेल्या ५८ जणांकडे बघा. त्यांपैकी ४१ जण डेमोपर्यंत आले. फी हा मोठा अडसर असता तर तिथे याहून जास्त लोक गळले असते.

आता त्या ३६ चौकश्या फोडा. विषय, इयत्ता, मागितलेली वेळ. एकाच ठिकाणी गर्दी दिसते का बघा.

झटपट

मला अजूनही वाटतं की ११८ पैकी १७ जणांशी बोलणंच झालं नाही हे लहान नाही. वेगाने फोन गेला असता तर यांतले बरेच मिळाले असते.

नोंदवही

@झटपट, १७ जण महत्त्वाचे आहेत, मान्य. पण उद्या सगळ्यांशी पाच मिनिटांत बोलणं झालं तरी ते पुढे कुठे जातील? त्याच रांगेत, जिथे शिक्षकाचं नाव मिळत नाही. पुढची वाट अडलेली असताना मागून वेगाने माणसं पाठवली तर गळती थोडी पुढे सरकते, इतकंच. आणि वाट बघून गेलेला पालक चार ओळखीच्यांना सांगतो, ज्याला फोनच आला नाही तो बहुधा विसरून जातो. म्हणून आधी रांग मोकळी करायची, मग वेग. तुमचा मुद्दा चुकीचा नाही, त्याचा क्रम नंतरचा आहे.

खडूफळा

आता प्रश्न कळला मला. शिक्षकाच्या बाजूने काय होतं ते सांगते, कारण नाव न जाण्याचं कारण आम्हीही असू शकतो.

मला अशा सेवेकडून निरोप येतो: "नववी, गणित, आठवड्यातून तीन दिवस, जमेल का?" मी चार ते नऊ शिकवत असते, फोन पिशवीत. रात्री बघते. मुलाचं घर कुठे आहे, वेळ कोणती, हे निरोपात नसतं, म्हणून मी उलट विचारते. उत्तर दुसऱ्या दिवशी. मग मी माझ्या दोन मुलांच्या वेळा हलवता येतील का ते त्यांच्या घरी विचारते. यात तीन दिवस सहज जातात. आणि माझ्याआधी दोघींना विचारून नकार आला असेल तर ते दिवस वेगळेच. पालकाला यातलं काही दिसत नाही. त्याला वाटतं, हे लोक विसरले.

पाटीपेन्सिल

@खडूफळा, अगदी असंच चालतं आमच्याकडे. एका शिक्षकाला विचारायचं, उत्तराची वाट बघायची, नाही म्हणाले की पुढच्याला. मी पालकाचा रस्ता मांडला, पण त्या रस्त्याच्या मधोमध शिक्षकाचा एक वेगळा रस्ता आहे आणि त्यावर आमचा एकही रकाना नव्हता. "शिक्षकाला विचारलं" आणि "शिक्षकाचं उत्तर आलं" अशा दोन तारखा आता वाढवल्या आहेत.

३६ चौकश्या फोडल्या. त्यांपैकी २२ एकाच प्रकारच्या निघाल्या: नववी-दहावी, गणित किंवा विज्ञान, वेळ संध्याकाळी सहा ते आठ. त्या वेळेत आमच्या यादीवरचे बहुतेक शिक्षक आधीच गुंतलेले असतात. म्हणजे या घरांना नाव मिळण्याची शक्यता पहिल्या फोनच्या वेळीच कमी होती आणि आम्ही "शिक्षक बघून सांगतो" म्हणत होतो. बाकी १४ मध्ये काही ठरावीक दिसत नाही, नुसता उशीर.

नाव गेलेल्या ५८ जणांचंही बघितलं. ज्या ४४ जणांना दोन दिवसांच्या आत नाव कळवलं त्यांपैकी ३३ जणांचा डेमो झाला. दोन दिवसांनंतर कळवलेल्या १४ पैकी ८ जणांचा. म्हणजे उशीर झाला की नाव मिळूनही लोक जातात.

शून्यएक

शेवटच्या वाक्यावर थोडं थांबा. १४ पैकी ८ म्हणजे ५७ टक्के आणि ४४ पैकी ३३ म्हणजे ७५ टक्के, फरक मोठा वाटतो. पण त्या १४ मध्ये आणखी दोन-तीन डेमो झाले असते तर फरक जवळजवळ पुसला गेला असता. एवढ्या लहान गठ्ठ्यावर टक्केवारी लिहूच नये, नुसते आकडे लिहावेत.

शिवाय उशीर कोणाला झाला? ज्यांना शिक्षक शोधणं अवघड होतं त्यांना. लांबचं घर, अडनिडी वेळ. कदाचित त्यांना शेवटी मिळालेला शिक्षकही तितकासा सोयीचा नव्हता आणि म्हणून डेमो झाला नाही, उशिरामुळे नव्हे. सारख्या इयत्तेचे, सारख्या वेळेचे पालक एकमेकांशी ताडून बघितल्याशिवाय उशिराला दोष देता येणार नाही. तुमच्याकडे तेवढ्या चौकश्या आहेत असं वाटत नाही.

नोंदवही

@शून्यएक बरोबर बोलतायत. उशीर आणि अवघडपणा इथे गुंतलेले आहेत आणि या रजिस्टरवरून ते सुटे होणार नाहीत. पण ९४ ते ५८ ही गळती त्या शंकेवर अवलंबून नाही. तिथे नाव गेलंच नाही, ही घटना आहे, अंदाज नाही.

माझ्या मते त्या २२ घरांसाठी आणि बाकीच्या १४ साठी दोन वेगळे उपाय लागतील. १४ साठी शिक्षकांकडून दर रविवारी पुढच्या आठवड्यातल्या मोकळ्या वेळा आणि परिसर मागून ठेवा. पालकाचा फोन येईल तेव्हा समोर यादी असेल, मग एकेकाला विचारत बसावं लागणार नाही. दोघा-तिघांना एकदम विचारायलाही हरकत नाही, फक्त तसं त्यांना सांगून.

२२ साठी पहिल्याच फोनवर खरं सांगा: "सहा ते आठमध्ये सध्या कोणी मोकळं नाही. साडेचार किंवा शनिवार-रविवार सकाळ चालेल का? नसेल तर यादीत नाव ठेवते, गुरुवारी संध्याकाळपर्यंत नक्की कळवते." काही जण तिथेच नाही म्हणतील. चालेल. ती गळती दिसणारी आहे, कारणासकट नोंदवलेली आहे. आणि गुरुवारी उत्तर नसलं तरी गुरुवारी फोन करायचाच.

बाबा_आठवीचे

पालक म्हणून सांगतो, मला अशा दिवसाची खूण मिळाली असती तर मी थांबलो असतो. "लवकरच कळवतो" यावर कोणी थांबत नाही.

पाटीपेन्सिल

काही आठवड्यांनी परत लिहितेय. रविवारची यादी सुरू केली आहे. सगळे शिक्षक भरत नाहीत, निम्म्याहून थोडे जास्त भरतात, पण तेवढ्यानेही पहिल्याच फोनवर नाव सांगता येतं असं बऱ्याचदा होतं. सहा ते आठच्या मागणीत काही घरांनी साडेचारची वेळ घेतली. दहावीच्या मुलांना ती बहुतेक जमत नाही, शाळेतूनच उशिरा येतात. त्या वेळेसाठी शिक्षक वाढवावे लागतील, दुसरा मार्ग दिसत नाही. फी उतरवण्याचा विचार सोडून दिला आहे. शेऱ्याचा रकानाही काढून टाकला. आता पालक नेमकं जे बोलले तेच वाक्य लिहायचं, त्याचा अर्थ लावायचा नाही.

मांडणी करताना आणखी एक गोष्ट पुढे आली आणि तिचं काय करावं कळत नाही. डेमो झालेल्या ४१ पैकी १२ जणांनी पुढे सुरू केलं नाही. त्यांपैकी ५ डेमो एकाच शिक्षकाचे, आणि त्यांचे एकूण डेमो ७. पालकांकडून तक्रार एकही नाही, उलट "सर छान शिकवतात" असं दोघांनी म्हटलं होतं.

शून्यएक

सातपैकी पाच. पुन्हा लहान आकडा. योगायोग असू शकतो.

नोंदवही

असू शकतो. पण डेमो आवडला, तक्रार नाही आणि तरी सुरू नाही, हे एकत्र आलं की शिक्षक आणि पालक यांनी परस्पर ठरवलं असण्याची शक्यता बघावीच लागते. तसं असेल तर ती रजिस्टरमध्ये गळती दिसते, प्रत्यक्षात शिकवणी चालू असते. महिन्याभराने त्या घरी साधा फोन करा: "मुलाची गणिताची सोय झाली का?" पाळत ठेवल्यासारखं नको, खरोखर विचारपूस म्हणून.

खडूफळा

शिक्षकांवर संशय घेण्याआधी तुमचा हिस्सा किती आणि किती महिने, हेही बघा. पहिल्या महिन्याचा हिस्सा कोणालाच खटकत नाही. वर्षभर दर महिन्याला कापला जातो आणि त्या बदल्यात पुढे काही मिळत नाही, तेव्हा माणूस परस्पर ठरवतो. शिक्षक आजारी पडला तर बदली देणं, पालकाने फी थकवली तर ती वसूल करून देणं, हे तुम्ही करता का?

नोंदवही

तरी करार मोडणं बरोबर नाही ना? डेमोसाठी घर मिळवून देण्यात सेवेचा खर्च झालेलाच असतो.

खडूफळा

बरोबर नाही, मान्य. पण का घडतं ते सांगितलं.

बाबा_आठवीचे

आणखी एक शक्यता सांगू? आमच्याकडे डेमोनंतर फोन मला आला, "कसं वाटलं?" मला काय वाटणार, मी आतल्या खोलीत होतो. मुलीला कोणी विचारलंच नाही. तिला मॅडम आवडल्या म्हणून आमचं जमलं. पण तिला आवडल्या नसत्या तर मी तुम्हाला तेच बजेटचं कारण दिलं असतं.

पाटीपेन्सिल

@खडूफळा, बदली शिक्षक देतो, थकलेल्या फीचं काही करत नाही. हिस्सा दर महिन्याला असतो. यावर शिक्षकांशीच बोलायला हवं, आणि त्या एका सरांशी वेगळं नव्हे, सगळ्यांशी एकत्र.

@बाबा_आठवीचे, डेमोनंतरच्या फोनमध्ये आजपासून एक प्रश्न मुलासाठी: "आज शिकवलेल्यातलं काय कळलं, काय नाही?" त्याच्या उत्तरासाठीही रकाना केला आहे. त्या १२ घरांना पुढच्या आठवड्यात फोन करणार आहोत. सहकारी म्हणते तिने करू नये, कारण आधीचे फोन तिचेच होते आणि पालक पुन्हा सभ्य कारण देतील. मी करेन. जे कळेल ते इथेच लिहिते.